बीटग्रिड आणि स्वरपट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीजे सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना सांधा जाणवू नये, यासाठी ग्रिड कसा दुरुस्त करावा आणि पट्टी कशी जुळवावी, याबद्दल सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ग्रिडचे प्रश्न आधी घेतले आहेत. पट्टी जुळल्याचा खरा आनंद दोन ट्रॅक मिनिटभर एकत्र वाजले तरच मिळतो आणि ग्रिड चुकीचा असेल तर ते मिनिटभर एकत्र टिकतच नाहीत, हे त्यामागचे कारण आहे.

प्र. १. बीटग्रिड म्हणजे नेमके काय? तो चुकला असेल तर ऐकताना काय कळते?

बीटग्रिड म्हणजे ट्रॅकच्या वेव्हफॉर्मवर समान अंतराने आखलेल्या उभ्या रेषा. साध्या ग्रिडमध्ये सॉफ्टवेअर फक्त दोन गोष्टी साठवते: पहिली रेषा कुठे आहे आणि बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, किती आहे. बाकीच्या सगळ्या रेषा याच दोन आकड्यांवरून निघतात. १२८ बीपीएमच्या ट्रॅकमध्ये दोन ठोक्यांमधील अंतर ६० भागिले १२८, म्हणजे सुमारे ४६९ मिलिसेकंद असते.

दोन ट्रॅकचे ठोके आपोआप जुळवणारे सिंक, लूप आणि खुणा जवळच्या रेषेवर चिकटवणारे क्वांटाइझ या सोयी ध्वनी ऐकत नाहीत, त्या या रेषांवर विश्वास ठेवतात. त्यामुळे सिंकचा दिवा लागलेला असतो, दोन्ही डेकवरच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या दिसतात आणि तरीही किक, म्हणजे खर्जातले ढोलाचे ठोके, मागेपुढे पडत असतात. हा फरक २०-३० मिलिसेकंदांचा किंवा त्याहून अधिक असेल, तर प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो, घोडा धावताना टापा पडाव्यात तसा. फरक १० मिलिसेकंदांच्या आसपास असेल, तर ठोका दुहेरी वाटत नाही, पण अचानक पातळ होतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर २० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे १० मिलिसेकंद सरकलेल्या दोन किक एकमेकींचा खर्ज खोडून काढू शकतात. दोन ट्रॅक एकत्र आल्यावर खर्ज वाढण्याऐवजी कमी झाला, तर संशय प्रथम ग्रिडवर घ्यावा.

प्र. २. सॉफ्टवेअर ग्रिड स्वतःच काढते. मग मी प्रत्येक ट्रॅक हाताने तपासायचा का?

प्रत्येक ट्रॅक तपासण्याची गरज नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ किक असलेल्या, संगणकावर बनवलेल्या ट्रॅकमध्ये स्वयंचलित ग्रिड बहुधा बरोबर निघतो. ज्यांची सुरुवात किकविना लांबलचक सुरावटीने होते, ज्यांत किक आडवीतिडवी पडते किंवा जे माणसांनी प्रत्यक्ष वाजवलेले आहेत, तेथे तो चुकतो. मी स्वतः जे ट्रॅक १६ बारपेक्षा, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या १६ गटांपेक्षा, अधिक काळ दुसऱ्यावर ठेवणार असतो, तेवढेच तपासतो. ज्यांत झटकन कट करून जायचे आहे, त्यांत थोडी चूक खपून जाते.

प्र. ३. ग्रिड बरोबर आहे की नाही हे कसे तपासावे?

सिंक बंद करावे, वेग बदलणारा पिच फेडर शून्यावर आणावा आणि सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम हेडफोनमध्ये चालू करावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय ग्रिड संपादनाच्या भागातच असते. मग ट्रॅक तीन ठिकाणी ऐकावा: पहिल्या स्पष्ट किकपाशी, मध्यावरच्या शांत भागानंतर किक परत येते तेथे आणि शेवटच्या किकपाशी. केवळ सुरुवात पाहून ग्रिड बरोबर ठरवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. आपण ट्रॅक मिसळतो तो बहुधा त्याच्या शेवटी, आणि ग्रिडची चूक साचून मोठी होते तीही शेवटीच.

कानाने संशय आला की वेव्हफॉर्म पूर्ण मोठा करून पाहावा. रेषा किकच्या शिखरावर नको. वेव्हफॉर्म सपाट असताना जेथून एकदम वर चढू लागतो, त्या बिंदूवर ती हवी. काही जण ती थोडी आत ठेवतात आणि त्यानेही बिघडत नाही, फक्त संग्रहातील सगळ्या ट्रॅकना एकच रीत हवी. दोन ट्रॅक जुळताना दोन्हींतील रेषा किकच्या एकाच जागी असणे हेच महत्त्वाचे असते. हाय-हॅट किंवा टाळीवर रेषा बसवू नये, कारण ठेका झुलता ठेवण्यासाठी ही वाद्ये पुष्कळदा मुद्दाम किंचित उशिरा वाजवलेली असतात.

चुकीचे स्वरूप येथेच ओळखून घ्यावे. रेषा सुरुवातीला बरोबर आणि पुढे हळूहळू सरकत असेल, तर प्र. ४ पाहावा. सगळीकडे सारखीच चूक असेल, तर प्र. ५. एखाद्या जागेपासून एकदम चूक सुरू होत असेल, तर प्र. ८.

प्र. ४. सुरुवातीला ग्रिड अगदी बरोबर बसतो, पण शेवटी किकपासून दूर जातो. काय करावे?

येथे पहिली रेषा बरोबर आहे आणि बीपीएम थोडासा चुकलेला आहे. हा प्रकार मला सर्वांत जास्त भेटतो, म्हणून एक उदाहरण आकड्यांसह पूर्ण सोडवतो.

एका हाउस ट्रॅकचा बीपीएम सॉफ्टवेअरने १२७.९८ दाखवला होता. पहिली किक ०.११२ सेकंदाला होती आणि रेषा तिच्यावर नेमकी होती. १८५ व्या बारच्या पहिल्या ठोक्यापाशी गेल्यावर मात्र किक ५ मिनिटे ४५.११२ सेकंदांवर दिसत होती आणि रेषा तिच्या उजवीकडे सुमारे ५४ मिलिसेकंदांवर होती. पहिल्या बारपासून १८५ व्या बारपर्यंत १८४ बार होतात, म्हणजे ७३६ ठोके. दोन किकमधील वेळ नेमकी ३४५ सेकंद होती. म्हणून:

```
BPM = 60 × 736 ÷ 345 = 128.00
```

बीपीएम १२८.०० टाइप केल्यावर रेषा शेवटच्या किकवर जाऊन बसली. केवळ ०.०२ बीपीएमची चूक पावणेसहा मिनिटांत ५४ मिलिसेकंद होते आणि एवढ्या अंतराने ठोका उघडउघड दुहेरी ऐकू येतो.

हे करताना ठोके एकेक मोजावे लागत नाहीत, बारचा आकडा पडद्यावर दिसतो. चूक अर्ध्या ठोक्यापेक्षा लहान असेपर्यंत तो आकडा विश्वासार्ह असतो. आकडेमोड नको असेल तर दिशा लक्षात ठेवावी: रेषा किकच्या उजवीकडे असेल तर ग्रिड संथ आहे, बीपीएम वाढवावा. रेषा डावीकडे असेल तर ग्रिड जलद आहे, बीपीएम कमी करावा. मात्र बीपीएम बदलल्यावर पहिली रेषा जागेवरच आहे ना, हे पुन्हा पाहावे. काही सॉफ्टवेअर बदल करताना सध्याच्या जागेची रेषा स्थिर धरतात आणि सुरुवातीची सरकवतात, त्यामुळे शेवट दुरुस्त करण्याच्या नादात सुरुवात बिघडते.

संगणकावर बनवलेल्या संगीताचा बीपीएम बहुधा पूर्णांक असतो, त्यामुळे १२७.९८ दिसले की १२८ चा संशय घेणे योग्यच आहे. पण जुन्या तबकडीवरून ध्वनिमुद्रित करून घेतलेला ट्रॅक त्या वेळी टर्नटेबल ज्या वेगाने फिरत होते, त्याच वेगाचा असतो. तेथे १२७.६१ हा आकडा खरा असू शकतो. तो गोल करू नये, वरच्या सूत्राने पडताळावा.

प्र. ५. सगळ्या रेषा किकपासून सारख्याच अंतरावर आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून संग्रह आणल्यावर तर सगळेच ट्रॅक असे झाले. का?

एकट्या ट्रॅकमध्ये असे असेल तर पहिली रेषा चुकीच्या ठिकाणी पडली आहे. बीपीएमला हात न लावता संपूर्ण ग्रिड डावीकडे किंवा उजवीकडे सरकवावा, किंवा किकच्या आरंभावर थांबून तेथे नवी आधाररेषा ठेवावी. ट्रॅकच्या आरंभी किक नसेल, तर आधाररेषा पुढच्या कोणत्याही स्पष्ट किकवर ठेवता येते, रेषा मागेही आपोआप आखल्या जातात.

संग्रह एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेल्यावर अनेक ट्रॅक सुमारे २६ मिलिसेकंदांनी सरकलेले दिसले, तर त्याचे कारण एमपी३ फाइलच्या बांधणीत आहे. एमपी३ चा एक फ्रेम ११५२ नमुन्यांचा असतो आणि ४४,१०० च्या दराने त्याची लांबी २६.१ मिलिसेकंद भरते. फाइलच्या अगदी सुरुवातीला केवळ माहिती असलेला एक फ्रेम असू शकतो. काही सॉफ्टवेअर तो वेळेत धरतात, काही वगळतात. म्हणून एकच किक दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या वेळी दिसते आणि ग्रिडबरोबर क्यू, म्हणजे ट्रॅकमध्ये आपण ठेवलेल्या जागांच्या खुणाही सरकतात. सर्वच एमपी३ ना हे होत नाही, त्यामुळे सरसकट २६ मिलिसेकंद वजा करून चालत नाही. डब्ल्यूएव्ही आणि एआयएफएफ फाइलींमध्ये ही अडचण येत नाही.

प्र. ६. ट्रॅक १७४ चा आहे, सॉफ्टवेअर ८७ दाखवते. हे चूक आहे का?

रेषा ठोक्यांवर बसत असतील, तर ग्रिड चुकीचा नाही, फक्त मोजणी निम्मी आहे. दुप्पट किंवा निम्मे करण्याचे बटण दाबले की काम होते. अशाच गतीचे बरेच ट्रॅक असतील, तर विश्लेषणाच्या सेटिंगमध्ये बीपीएमची मर्यादा आधीच ठरवून द्यावी.

फसवी चूक वेगळी आहे. कधीकधी सॉफ्टवेअर तिप्पट-चौपटीच्या हिशेबात गोंधळते आणि १२८ चा ट्रॅक ९६ चा म्हणून नोंदवते. अशा वेळी एक रेषा ठोक्यावर पडते, पुढच्या दोन रिकाम्या जागी पडतात आणि मग चौथी पुन्हा ठोक्यावर येते. येथे दुप्पट-निम्मे करून काहीही साधत नाही. किकबरोबर टॅप बटण दाबून अंदाजे बीपीएम काढावा आणि मग प्र. ४ च्या पद्धतीने नेमका करावा.

प्र. ७. किक तंतोतंत जुळतात, तरी मिसळ विसकटलेली वाटते. असे का?

बहुधा सम चुकलेली असते. सॉफ्टवेअर बारचा पहिला ठोका जाड किंवा रंगीत रेषेने दाखवते, पण तो कोणता हे त्याला नेहमी कळत नाही. ती खूण दुसऱ्या किंवा तिसऱ्या ठोक्यावर पडली, तर सिंक एका ट्रॅकची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या ठोक्यावर आणून ठेवते. किक जुळलेल्या असतात, टाळ्याही जुळलेल्या असू शकतात, पण खर्जाची ओळ आणि स्वरसंगतीची पालटणी भलत्याच जागी होते. आपण चार मात्रांपर्यंत मोजत सम शोधावी. शोधायला उत्तम जागा म्हणजे शांत भागानंतर सगळी वाद्ये एकदम परत येतात तो क्षण. तेथे बार सुरू होतो याबद्दल क्वचितच शंका उरते. तिथून समेची खूण लावावी.

बार जुळल्यावरही फ्रेज जुळायला हवी. नृत्यसंगीतात बदल बहुधा ८ किंवा १६ बारच्या टप्प्यांनी होतात. १२८ बीपीएमला ८ बार म्हणजे बरोबर १५ सेकंद. एका ट्रॅकचा टप्पा संपतो त्याच समेवर दुसऱ्याचा सुरू झाला पाहिजे आणि हे ग्रिड आपल्यासाठी करत नाही. याचा पट्टीशीही संबंध आहे, तो प्र. १५ मध्ये दिला आहे.

प्र. ८. ट्रॅकमध्ये खरा ड्रमवादक वाजवतो आहे, किंवा मध्येच ग्रिड एकदम तुटतो. एका बीपीएमने कसे भागवावे?

या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. ग्रिड एका जागेपर्यंत निर्दोष असेल आणि तिथून पुढे सतत एकाच अंतराने चुकत असेल, तर तेथे ट्रॅक कापून जोडलेला असतो आणि जोडात ठोक्याचा एखादा अंश गेलेला असतो. जोडानंतरच्या पहिल्या किकवर दुसरी आधाररेषा ठेवली की दोन्ही भाग बरोबर होतात.

माणसाने वाजवलेली गती मात्र श्वासासारखी हलते. त्यासाठी बदलता ग्रिड लागतो. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाचा `Dynamic` हा पर्याय निवडता येतो, सेराटोमध्ये एकाच ट्रॅकवर हाताने अनेक खुणा ठेवता येतात. खुणा हाताने ठेवताना प्रत्येक ठोक्याला एक ठेवण्याचा मोह होतो. दर ४ किंवा ८ बारला एक खूण ठेवून सुरुवात करावी आणि मधले ठोके १५ मिलिसेकंदांपेक्षा अधिक दूर जात असतील, तेथेच आणखी एक घालावी.

बदलत्या ग्रिडची एक किंमत मोजावी लागते. असा ट्रॅक सिंकमध्ये मुख्य ठेवला, तर दुसऱ्या डेकचा वेग त्याच्या मागे सतत कमीजास्त होत राहतो आणि स्थिर गतीचा ट्रॅक डळमळू लागतो. स्थिर ट्रॅक मुख्य ठेवावा. उलट बाजूने, माणसाने वाजवलेल्या ट्रॅकला पूर्ण सरळ करण्यापेक्षा त्याच्या शेवटच्या १६ बारांपैकी चांगल्या ४ बारांचा लूप करून त्यावर पुढचा ट्रॅक आणणे मला अधिक चांगले वाटते, कारण मग ग्रिड फक्त त्या चार बारांपुरता नेमका हवा असतो.

प्र. ९. ग्रिड दुरुस्त केल्यावर आधीचे क्यू आणि लूप बिघडतील का?

क्यू सहसा वेळेनुसार साठवलेले असतात, त्यामुळे ग्रिड हलला तरी ते जागेवरच राहतात. अडचण नेमकी येथेच आहे. क्वांटाइझ चालू असताना ते चुकीच्या ग्रिडच्या रेषांवर चिकटवले गेले होते आणि आता नव्या रेषांपासून थोडे दूर दिसतात. म्हणून ग्रिड आधी आणि क्यू नंतर हा क्रम ठेवावा. जुने क्यू पुन्हा ठेवावे लागले तर ठेवावेत. दुरुस्तीनंतर ट्रॅकचे विश्लेषण कुलूपबंद करण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी. नाहीतर पुढच्या सामूहिक विश्लेषणात हाताचे काम पुसले जाते.

प्र. १०. 8A, 9B किंवा 1m असे लिहिलेले असते त्याचा अर्थ काय?

ही स्वरपट्टीची नावे आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत १२ मायनर आणि १२ मेजर अशा २४ पट्ट्या धरतात. कॅमेलॉट पद्धतीत त्या घड्याळाच्या तबकडीवर मांडलेल्या असतात: `A` म्हणजे मायनर, `B` म्हणजे मेजर, आणि शेजारचे आकडे म्हणजे एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावरच्या पट्ट्या. `8A` हा ए मायनर, `9A` हा ई मायनर, `7A` हा डी मायनर, आणि `8B` हा सी मेजर.

ट्रॅक्टर या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारी ओपन की पद्धत हीच तबकडी वेगळ्या आकड्यापासून मोजते. तिच्यात `m` म्हणजे मायनर आणि `d` म्हणजे मेजर. ओपन कीच्या आकड्यात ७ मिळवले आणि बेरीज १२ च्या वर गेल्यास १२ वजा केले की कॅमेलॉटचा आकडा मिळतो. `1m` म्हणजे `8A`, `6m` म्हणजे `1A`. दोन सॉफ्टवेअरमधून आलेल्या नोंदी एकाच यादीत मिसळल्या तर घोटाळा होतो, म्हणून आधी सगळ्या एका पद्धतीत आणाव्यात.

प्र. ११. कोणत्या पट्ट्या एकमेकींवर ठेवता येतात, आणि त्याच का?

तोच आकडा आणि तेच अक्षर, तोच आकडा आणि दुसरे अक्षर, किंवा तेच अक्षर आणि शेजारचा आकडा, एवढे सुरक्षित आहे. `8A` वर `8A`, `8B`, `7A` आणि `9A` चालतात. कारण सरळ आहे. `8A` आणि `8B` यांचे सातही स्वर समान आहेत. `8A` आणि `9A` यांच्यात फक्त एक स्वर वेगळा आहे: एकीत शुद्ध एफ, दुसरीत एफ शार्प. दोन घरे दूर गेल्यास दोन स्वर वेगळे होतात आणि लांब मिसळीत ते कुठे ना कुठे घासतातच.

याउलट अगदी लगतची, अर्ध्या स्वराने वरची पट्टी कागदावर जवळ वाटते, पण `8A` आणि तिच्यावरची `3A` यांच्यात सातांपैकी फक्त दोनच स्वर समान आहेत. अशी उडी कट करून घेतल्यास उठाव देते. एकमेकींवर ठेवली तर कानाला असह्य होते.

प्र. १२. पट्ट्या कागदावर जुळतात, पण वेग बदलल्यावर बेसूर होतात. की लॉक लावावा का?

हो, जवळजवळ नेहमीच. की लॉक बंद असताना वेग वाढवला की स्वरही चढतो, आणि विश्लेषणात नोंदलेली पट्टी फक्त पिच फेडर शून्यावर असताना खरी असते. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट धरले, तर सुमारे ६ टक्के वेगबदलाने एक पूर्ण अर्धा स्वर सरकतो.

समजा, पहिला ट्रॅक १२८ बीपीएम आणि `8A` आहे, दुसरा १२४ आणि `9A`. शेजारची घरे, म्हणजे जोडी उत्तम. आता दुसऱ्याला १२८ वर आणले, तर वेग ३.२ टक्के वाढतो आणि स्वर ५५ सेंट चढतो. तो ई मायनरही राहत नाही आणि एफ मायनरही होत नाही, दोन्हींच्या बरोबर मध्ये अडकतो. ही सर्वांत वाईट जागा आहे, कारण त्याच्याशी आता तबकडीवरची कोणतीच पट्टी जुळत नाही. अनेक जण विचारतात की दोघांनाही १२६ वर आणले तर भागेल का. भागणार नाही. एक २७ सेंट उतरतो, दुसरा २८ सेंट चढतो आणि त्यांच्यातले अंतर पुन्हा ५५ च राहते, कारण ते दोन मूळ वेगांच्या गुणोत्तरावर ठरते, कोणत्या वेगावर भेटलो यावर नाही.

म्हणून या जोडीला की लॉक दोन्ही डेकवर लावावा. रेकॉर्डबॉक्समध्ये त्याला `Master Tempo` म्हणतात. १२६ वर भेटण्याचा फायदा तेव्हाच होतो: प्रत्येक ट्रॅक फक्त दीड टक्का ताणला जातो. की लॉक ध्वनीचे तुकडे करून ते पुन्हा जोडतो, त्यामुळे ताण वाढला की किकचा टोकदार आरंभ बोथट होतो आणि गळ्याचा लांब स्वर थरथरू लागतो. ६ टक्क्यांपलीकडे मी तो नाइलाजानेच वापरतो.

की लॉक न लावता पट्टी जुळण्याचीही एक सुंदर शक्यता आहे. १२१ बीपीएमचा `1A` ट्रॅक १२८ वर नेला, तर स्वर ९७ सेंट, म्हणजे जवळजवळ पूर्ण अर्धा स्वर चढतो आणि तो `8A` होतो. उरलेला ३ सेंटचा फरक मिसळीत कुणाला जाणवत नाही आणि किकचा आरंभही शाबूत राहतो.

प्र. १३. सॉफ्टवेअरने दिलेली पट्टी चुकीची वाटते. कानाने कशी पडताळावी?

पिच फेडर शून्यावर ठेवावा आणि ट्रॅकमधला खर्ज व सुरावट स्पष्ट असलेला, ढोल कमी असलेला ४ बारचा भाग लूप करावा. पेटीवर किंवा कीबोर्डवर एकेक स्वर धरून पाहावा. ज्या स्वरावर सगळे विसावते, तानपुऱ्याचा सा लागल्यासारखे वाटते, तो आधारस्वर. मग त्याचा गंधार तपासावा: तीन अर्धस्वर वरचा, म्हणजे कोमल गंधार जुळला तर मायनर, चार अर्धस्वर वरचा शुद्ध गंधार जुळला तर मेजर.

सॉफ्टवेअरच्या चुका ठरावीक असतात. ए मायनरऐवजी सी मेजर किंवा ई मायनर सांगणे फारसे महागात पडत नाही, कारण ही सगळी शेजारची घरे आहेत. फक्त दोन्ही ट्रॅकमध्ये अशी चूक विरुद्ध दिशांनी झाली तर ती दोन-तीन घरांची होते. ज्या ट्रॅकमध्ये गंधार कुठेच वाजत नाही, फक्त आधारस्वर आणि पंचम आहेत, तेथे ए मायनर आणि ए मेजर यांत सॉफ्टवेअर गोंधळते. ती चूक `8A` ची `11B` करते आणि तिच्यावर भरवसा ठेवून निवडलेला पुढचा ट्रॅक हमखास खटकतो. निव्वळ ढोलाच्या ट्रॅकला दिलेली पट्टी मी पाहतही नाही.

प्र. १४. ट्रॅकची पट्टी अर्ध्या स्वराने बदलली, तर नवा आकडा कसा काढावा?

अर्धा स्वर वर म्हणजे तबकडीवर ७ घरे पुढे, अर्धा स्वर खाली म्हणजे ७ घरे मागे. अक्षर बदलत नाही. `3A` ट्रॅक अर्धा स्वर उतरवला की तो `8A` होतो. पूर्ण स्वराचा हिशेब आणखी सोपा आहे: वर गेल्यास २ घरे पुढे, खाली आल्यास २ मागे, म्हणून `10A` पूर्ण स्वर उतरवला की `8A`. गायन असलेल्या ट्रॅकमध्ये एका अर्ध्या स्वरापलीकडे जाऊ नये, कारण आवाजाचा पोतच बदलतो आणि गायक किंवा गायिका ओळखू येईनाशी होते. वाद्यांच्या ट्रॅकमध्ये दोन अर्धस्वर सहसा सोसवतात. मिसळ संपल्यावर मूळ पट्टीवर परत यायचे असेल, तर ते सुरावट थांबलेल्या शांत बारमध्ये करावे, नाहीतर सरकलेला स्वर उघडा पडतो.

प्र. १५. ग्रिड बरोबर, दोन्ही ट्रॅक `8A`, की लॉक चालू, तरीही दोघे भांडतात. आता काय पाहावे?

पहिली शक्यता अशी की नोंद संपूर्ण ट्रॅकची आहे आणि आपण मिसळतो आहोत त्याचा शेवट. अनेक गाण्यांत शेवटचे ध्रुवपद अर्धा किंवा पूर्ण स्वर वर नेलेले असते. मग आउट्रो `8A` नसून `3A` किंवा `10A` असतो. जो भाग खरोखर दुसऱ्यावर येणार आहे, त्याचीच पट्टी प्र. १३ प्रमाणे पडताळावी आणि ट्रॅकच्या टिपणात 'शेवट 10A' असे लिहून ठेवावे.

दुसरी शक्यता मूळ लागणीची. जुनी ध्वनिमुद्रणे टेपच्या वेगामुळे नेहमीच्या लागणीपेक्षा २०-४० सेंट चढी किंवा उतरती असू शकतात. तेव्हा दोन्ही ट्रॅकचे धरलेले स्वर एकत्र आल्यावर मंद लाटांसारखे घुमतात. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सेंटमध्ये हलवता येत असेल तर घुमणे थांबेपर्यंत हलवावी. येत नसेल तर की लॉक बंद करून वेगातल्या छोट्या फरकाचा उपयोग करता येतो का ते पाहावे: एक टक्का म्हणजे सुमारे १७ सेंट. ट्रॅक ५० सेंटच्या जवळ सरकलेला असेल, तर सॉफ्टवेअर त्याला खालची किंवा वरची पट्टी देते, आणि ती चूक एका घराची नसून सात घरांची असते.

तिसरी शक्यता फ्रेजची. दोन्ही ट्रॅकमध्ये ए मायनर, एफ, सी, जी अशी चार बारची स्वरसंगती फिरत असेल आणि एक दोन बार उशिरा सुरू झाला, तर एकाचा एफ दुसऱ्याच्या जी वर येतो. पट्टी एकच असूनही दर दुसरा बार घासतो. पुढचा ट्रॅक दोन बार पुढे उडवला की ते लगेच शांत होते. आणि या तिन्हींपैकी काहीच नसेल, तर एका ट्रॅकचा खर्ज इक्वलायझरने पूर्ण उतरवून ऐकावे. दोन खर्जाच्या ओळी एका पट्टीत असल्या तरी एका वेळी एकीलाच जागा असते. फ्रेजच्या समेवर जुन्याचा खर्ज काढून त्याच क्षणी नव्याचा आणला की खाली एकच ओळ उरते आणि वरची सुरावट दोन्हींची चालू राहते.